बियाणं उगवलं नाही, तर पत्र कसं लिहायचं?

मैत्रिणींनो, आठव्या दिवशीही सोयाबीन विरळ दिसलं, तर लगेच मोडून दुबार पेरणी करू नका. पंचनाम्याला रान तसंच लागतं. पत्रात नुसतं ‘बियाणं खराब’ लिहून भागत नाही. असं लिहा:

“आपल्याकडून दोन पिशव्या घेतल्या. पावती व लॉट नंबर सोबत आहे. १८ जूनला चांगल्या ओलीवर टोकण केली. मोजलेल्या १०० दाण्यांपैकी ३८ उगवले. टॅगवर किमान ७० टक्के आहे. बियाणं बदलून द्यावं व पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळावी.”

ओलीचं जरूर लिहा, कारण दुकानदार पावसावरच ढकलतो! पत्राची पोच सहीशिक्क्यासह घ्या. एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्या. तक्रार समिती पाहणीला येईल. तोवर पिशवी, टॅग, उरलेलं मूठभर बियाणं जपून ठेवा.