भाजीच्या साप्ताहिक संदेशाची मांडणी

पेडणे व डिचोली तालुक्यांत घरपोच भाजी देणारा एक विक्रेता व्हॉट्सॲप चॅनेलवर आठवड्याचे दर कळवतो, असे समजू. चॅनेल एकमार्गी असते. ग्राहकाला तेथे उलट विचारता येत नाही. म्हणून शंकेचे उत्तर संदेशातच हवे.

शनिवारी त्याने नुसते ‘टोमॅटो ४० रुपये’ लिहिले. सोमवारी चोर्ला घाटातून आलेला बेळगावचा माल महागला. बुधवारी तोच संदेश वाचून एका ग्राहकाने मागणी केली. आता ४० रुपयांनाच द्यावे काय? १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या अभ्यासात आपण शिकतो, की दरपत्रक हे सामान्यतः केवळ निमंत्रण होय. ग्राहकाची मागणी हा प्रस्ताव आणि विक्रेत्याचे ‘मान्य’ ही स्वीकृती. विक्रेता कायद्याने सुटेल, पण ग्राहक तुटेल. त्यापेक्षा असे लिहावे:

‘शनिवार, ता. ७ जून. टोमॅटो १ किलो ४० रु. तांबडी भाजी १ जुडी, सुमारे २०० ग्रॅम, २० रु. मागणी रविवारी रात्री ८ पर्यंत, खालील क्रमांकावर. सोमवारी पेडणे, मंगळवारी डिचोली. मुदतीनंतर हे दर लागू नाहीत.’

मुदतीत मान्य केलेल्या मागणीवरील दरवाढ मात्र विक्रेत्यानेच सोसावी. दर चुकल्यास जुना मजकूर गुपचूप बदलू नये. ज्याने तो आधीच वाचला, त्याला बदल कळत नाही. ‘दुरुस्ती’ म्हणून नवा संदेश द्यावा.