चि. दत्ता यास पत्र

ईट, ता. भूम



एसटीतून सुटलास. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून वीस लाख हातात आले, असं ताईनं फोनवर सांगितलं. लेकाला चारचाकी हवीय, हेही तिच्याच तोंडून कळलं. तो विषय वर्षभर बाजूला ठेव.

आधी कर्ज. पण सरसकट नाही. सावकाराचे दोन लाख शेकडा तीननं आहेत, म्हणजे महिन्याला सहा हजार. ते याच आठवड्यात दे आणि सही केलेला कोरा चेक अन् स्टॅम्पपेपर परत घेतल्याशिवाय उठू नकोस. सोसायटीचं पीककर्ज मात्र फेडायची घाई नको. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज 30 जूनच्या आत भरलं की पंजाबराव देशमुख योजनेत व्याज शून्य पडतं. ते सोयाबीनच्या पैशातून भर. तारीख मात्र चुकवू नकोस.

उरले अठरा. त्यातले बारा पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाक. वयाची साठ लागतात म्हणून तू परत येशील, पण तू अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालास. तुझ्यासारख्याला निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं. डेपोतून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला घेऊन जा. सध्याचा दर 8.2 टक्के आहे, म्हणजे तिमाहीला 24,600. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. व्याज दर तीन महिन्यांनी येतं, मधे हात आखडतो, म्हणून आणखी तीन लाख मासिक प्राप्ती योजनेत ठेव. 7.4 टक्क्यांनी त्याचे महिन्याला 1,850 होतात. दोन्ही मिळून महिन्याला सरासरी दहा हजार पन्नास झाले. त्यात तुझी ती किरकोळ पेन्शन.

उरलेले तीन लाख दवाखान्याचे. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण यादीतल्या आजाराला आणि यादीतल्याच दवाखान्यात. सुनबाईच्या साखरेच्या गोळ्या, तपासण्या, बार्शीचं गाडीभाडं खिशातूनच जातं. एक लाख बचत खात्यात, दोन लाख सरकारी बँकेच्या एफडीत दोन पावत्या करून ठेव, म्हणजे गरजेला एकच मोडावी लागेल. ज्येष्ठ योजनेला हात लावू नकोस, वर्षाच्या आत मोडलीस तर घेतलेलं व्याजही मुद्दलातून कापतात.

बारा-तेरा टक्के देतो म्हणून पतसंस्थेचा माणूस दारात येईलच. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये आपल्या भागातल्या किती जणांचे पैसे अडकले, तू जाणतोस.

एक उणीव सांगून ठेवतो. हे व्याज पाच वर्षं तेवढंच राहणार आणि किराणा वाढत जाणार. म्हणून पहिली दोन वर्षं तरी महिन्याला हजार-दीड हजार मागे टाक.

सगळ्या खात्यांना सुनबाईचं नाव वारस म्हणून लाव आणि मला कळव.

तुझा,
मामा