चाळीस तासांचे सत्त्याऐंशी झाले

गेली चौदा वर्षं मी घरून पुस्तकांच्या मांडणीचं काम करते. सुरुवातीला एका संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका हाती आली, १६० पानांची. पानाला पंधरा मिनिटं धरली, चाळीस तास झाले. तासाला ४०० रुपयांप्रमाणे १६,००० सांगून मोकळी झाले. काम संपलं तेव्हा वहीत ८७ तास भरले होते. म्हणजे तासाला जेमतेम १८४ रुपये हाती पडले. त्या वहीनं जे शिकवलं, ते इथे लिहिते.

१. मुख्य कामाचा अंदाज सहसा चुकत नाही

वही नीट वाचली तेव्हा कळलं की मांडणीला ४३ तास लागले होते. माझा अंदाज फक्त तीन तासांनी चुकला होता. उरलेले ४४ तास मी धरलेच नव्हते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणून साफ करायला ९ तास गेले. रूपांतरानंतर रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी भलतीकडे सरकते आणि ते डोळ्यांनी शोधूनच दुरुस्त करावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो निवडणं, कापणं, कोणाचा कोणता हे विचारणं यात ८ तास गेले. करेक्शनच्या तीन फेऱ्यांना १७, फोन आणि बैठकांना ७, प्रेससाठी फाइल तयार करायला ३. तेव्हापासून कोटेशन देण्याआधी मी या सहा ओळी कागदावर लिहिते आणि प्रत्येकीपुढे तास मांडते. एकही ओळ शून्य ठेवत नाही.

२. आठ पानं करून पाहावीत, तीही अवघड

नवं काम आलं की मी नमुन्याला मजकूर मागते आणि त्यातली तक्ते, तळटीपा, फोटो असलेली आठ पानं घड्याळ लावून करते. सोपी पानं निवडली तर अंदाज पुन्हा कमीच येतो. मजकूर दाखवायलाच कोणी तयार नसेल, तर ते काम अजून कोटेशन देण्याजोगं झालेलं नाही असं समजावं.

३. एका आकड्याऐवजी तीन

ज्या ओळीचा भरवसा नाही, तिथे तीन आकडे लिहावेत: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर आणि बिनसलं तर. मधल्या आकड्याची चौपट, त्यात बाकीचे दोन मिळवायचे आणि सहानं भागायचं. पुढच्या १२० पानी स्मरणिकेत करेक्शनसाठी मी ८, १२ आणि २८ लिहिले. उत्तर आलं १४. बिनसलं तरचा आकडा मनानं लिहू नये, जुन्या वहीत जे सगळ्यात वाईट घडलं असेल तो घ्यावा.

४. बफर अनपेक्षितासाठीच

करेक्शन येणारच, फोन होणारच. ती कामं आहेत, त्यांना आपापली ओळ हवी. बफर ठेवायचा तो न दिसणाऱ्या गोष्टींसाठी. ग्राहक ओळखीचा आणि मजकूर पूर्ण हाती असेल, तर मी १५ टक्के धरते. ग्राहक नवा असेल तर ३०. मजकूर तुकड्यातुकड्यानं येणार आणि निर्णय समितीचा असेल, तर ५०. याहून जास्त लागेल असं वाटलं, तर पूर्ण कामाची रक्कम सांगतच नाही. पहिल्या ४० पानांचीच सांगते आणि पुढचं त्यानंतर ठरवते.

त्या १२० पानांचं गणित असं होतं: मांडणी ३२, मजकूर साफ करणं ७, फोटो ६, करेक्शन १४, बोलणी ७, प्रेस ३, एकूण ६९ तास. ग्राहक नवा, पण मजकूर पूर्ण होता, म्हणून ३० टक्के मिळवून ९० धरले आणि ३६,००० सांगितले. काम ८४ तासांत झालं.

बफर कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून दाखवू नये. घासाघीस सुरू झाली की पहिली तीच ओळ कापली जाते. रक्कम कमी करायचीच असेल तर काम कमी करावं. त्या १२० पानी स्मरणिकेच्या संस्थेनं पैसे कमी करा म्हटलं, तेव्हा मी करेक्शनच्या तीनऐवजी दोन फेऱ्यांचा पर्याय ठेवला. त्यांनी तीन ठेवल्या आणि रक्कमही मान्य केली.

५. तास आणि दिवस वेगळे

आठ तास बसलं तरी बिलात धरता येईल असं काम माझं पाचच तासांचं होतं. म्हणून ९० तास म्हणजे अठरा कामाचे दिवस. तारीख देताना हा हिशेब करावा, नाहीतर पैसे बरोबर येतात आणि रात्री जागाव्या लागतात.

६. फेऱ्यांची संख्या लिहून द्यावी

किती फेऱ्या रकमेत धरल्या आहेत, ते कोटेशनमध्ये आकड्यात लिहावं. त्यापुढची प्रत्येक फेरी तासाच्या दरानं. ही ओळ नसेल तर कितीही बफर पुरत नाही.

आज हातात असलेल्या कामापासूनच वही सुरू करा. सुरू केल्याची वेळ, थांबल्याची वेळ आणि काय केलं ते, एवढं लिहिलं तरी पुढचं कोटेशन वेगळं निघेल.