दहा लाखांची गाडी पाच लाख ऐंशी हजारांना विकली, तरी कर लागला

कुपवाड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. मे 2021 मध्ये कामासाठी एक डिझेल कार घेतली, सगळं धरून दहा लाखांना. ऑगस्ट 2025 मध्ये तासगावच्या एका शिक्षकांना ती 5,80,000 रुपयांना विकली. इसार घेतला, उरलेले पैसे बँकेत आले, आरटीओचे फॉर्म सह्या करून दिले आणि विषय संपला असं मी धरलं. बिल केलंच नाही. मनात हिशोब सरळ होता: दहाची गाडी पाच-ऐंशीला गेली, म्हणजे तोटाच झाला, आणि तोट्यावर कसला कर?

फेब्रुवारीत बँकेला कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी तात्पुरता ताळेबंद हवा होता. तेव्हा आमच्या सीए मॅडमनी विचारलं, "दादा, गाडी विकल्याचं बिल कुठंय?"

जीएसटीत नोंदणी असलेल्या माणसाने धंद्याच्या पुस्तकातली जुनी गाडी विकली की तो पुरवठा धरला जातो. सवलत एवढीच की कर पूर्ण किमतीवर लागत नाही, फरकावर लागतो. मात्र हा फरक खरेदी किंमत आणि विक्री किंमत यांच्यातला नसतो. गाडीवर आयकरात घसारा घेतला असेल, तर विक्री किमतीतून घसारा वजा जाता उरलेली किंमत वजा करायची. मी दरवर्षी 15 टक्के घसारा घेऊन आयकर वाचवला होता, म्हणून दहा लाख हा आकडा माझ्यासाठी कधीच मागे पडला होता.

मॅडमनी कागदावर मांडून दाखवलं. दहा लाखांचे पहिल्या वर्षाअखेर 8,50,000 झाले, मग 7,22,500, मग 6,14,125 आणि 31 मार्च 2025 ला 5,22,006. विक्री 5,80,000 ची, म्हणजे फरक 57,994. जानेवारी 2025 पासून जुन्या गाड्यांच्या या फरकावर सरसकट 18 टक्के दर आहे, त्यामुळे कर 10,439 रुपये. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. हाच फरक उणे आला असता, तर कर शून्य झाला असता.

हे आकडे शोधायलाच आमचा अर्धा दिवस गेला. आयकराच्या तक्त्यात गाडी वेगळी दिसत नाही, 15 टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये मशिनांबरोबर मिसळलेली असते. आणि तुमच्या पुस्तकांत घसारा दुसऱ्या पद्धतीने लावलेला असेल, तर तिथली शिल्लक इथे चालत नाही. जीएसटीसाठी आयकराचीच घ्यायची.

सौदा करताना "कर वेगळा" असं मी म्हटलं नव्हतं. सहा महिन्यांनी त्या गुरुजींकडे दहा हजार मागायला तोंड नव्हतं, म्हणून कर माझ्या खिशातून गेला. सप्टेंबरच्या 20 तारखेला भरायची रक्कम पाच महिने उशिरा भरली, त्यावर वार्षिक 18 टक्क्यांनी सुमारे 790 रुपये व्याज. तेव्हा किंमत ठरवण्याआधीच फरक काढा आणि कर धरून भाव सांगा. बिल गाडी ताब्यात देताना करा, आरसी बदलायची वाट पाहू नका. बिलावर गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, पूर्ण किंमत, वजा केलेली घसारित किंमत आणि करपात्र फरक असं ओळीने लिहा, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर उत्तर त्याच कागदावर असतं.

नफ्याची नोंदही चुकली होती. अकाउंटंटने पूर्ण 5,80,000 इतर उत्पन्नात टाकले होते आणि गाडी ताळेबंदात तशीच उभी होती. दुरुस्तीत गाडीच्या खात्याला 5,22,006 आणि देय जीएसटीला 10,439 जमा केले, तेव्हा नफा उरला 47,555. आयकरासाठी हा आकडा नफ्यातून बाहेर काढावा लागतो. तिथे कर वगळून आलेली विक्रीची रक्कम ब्लॉकमधून वजा होते आणि पुढचा घसारा कमी होतो. ब्लॉकमध्ये दुसरं काहीच उरलं नसतं, किंवा विक्रीची रक्कम ब्लॉकपेक्षा जास्त असती, तर मात्र अल्प मुदतीचा भांडवली नफा धरला गेला असता.

माझा मालाचा टेम्पो अजून विकायचा आहे, आणि त्याचा हिशोब वेगळा. कारवर इनपुट क्रेडिट मिळत नाही म्हणून मी ते घेतलं नव्हतं. टेम्पोवर मिळतं आणि मी घेतलंय. क्रेडिट घेतलं की फरकाची सवलत बंद. मग काळानुसार उरलेलं क्रेडिट किंवा पूर्ण विक्री किमतीवरचा कर, यांत जे जास्त असेल ते भरावं लागतं. आता प्रत्येक वाहनाचं एक पान फाईलमध्ये ठेवलंय. दर 31 मार्चची किंमत त्यावर हाताने लिहितो, आणि टेम्पोच्या पानावर वरच लाल शाईने लिहिलंय, "क्रेडिट घेतलेलं आहे."