सासूबाईंची यादी अरबीत लिहिताना

अगं, तू पाठवलेला फोटो मोठा करून नीट पाहिला. सासूबाई वसमतहून रियाधला राहायला येणार, त्याआधी घरात काय काय भरून ठेवायचं ते त्यांनी वहीच्या पानावर स्वतः लिहून दिलंय. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजी अक्षरांत. आणि तुझ्या गल्लीतला दुकानदार अरबीशिवाय काही वाचत नाही. मी जेद्दात संसार केलाय, म्हणून चार गोष्टी सांगते. घाई करू नकोस.

पहिली गोष्ट म्हणजे फोटोवरून थेट अरबी करायला बसू नकोस. आधी अख्खी यादी मराठीत पुन्हा उतरवून काढ, एका ओळीत एकच वस्तू. सासूबाईंचं अक्षर जुन्या वळणाचं आहे, काही शब्दांना शिरोरेघ आहे, काहींना नाही. 'हळद'वरून जी रेघ गेलीय ती मला शिरोरेघ वाटत नाही, कारण ती अक्षरांच्या मधून जाते. त्यांनी हळद खोडलीय. वसमतची बाई परदेशात हळद विकत घ्यायला सांगेल का? ती त्या स्वतः आणणार. 'जिरे'च्या खाली नुसत्या दोन छोट्या रेघा आहेत आणि पुढे 'अदपाव' लिहिलंय. तिथं वरचा शब्द पुन्हा धरायचा की वरचं माप, हे फोटोवरून कळणार नाही. पानाची उजवी कडाही दुमडलीय. दिराला सांग, पान खिडकीपाशी सपाट ठेवून बरोबर वरून पुन्हा फोटो काढा. आणि सासूबाईंकडून यादी मोठ्यानं वाचून घेऊन तो आवाज पाठवा. त्यात निम्मे घोळ सुटतात.

मग मापं बदल. 'पाव' म्हणजे २५० ग्रॅम, 'अदपाव' म्हणजे १२५, हे तिथल्या माणसाला ठाऊक नसतं, म्हणून सगळं ग्रॅम आणि किलोत कर. आकडे मात्र देवनागरीत अजिबात पाठवू नकोस, मूळ फोटोही पुढे ढकलू नकोस. हातानं लिहिलेला आपला १ हा अरबी नऊसारखा दिसतो, म्हणजे एक किलो धन्यांचे नऊ किलो व्हायला वेळ लागत नाही. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यापेक्षा इंग्रजी आकडे टाईप कर, ते तिथं सगळे वाचतात.

आता शब्द. इथं तू कागदावरच्या शब्दाचा नाही, वस्तूचा विचार कर. ती अख्खी आहे की दळलेली, ओली की वाळलेली, कच्ची की भाजलेली, आणि घरात कशाला लागते, हे आधी स्वतःला विचार. धन्यांचंच घे. अरबीत 'कुझबरा' हा एकच शब्द धन्यांनाही चालतो आणि कोथिंबिरीलाही. नुसता तो लिहिलास तर एक किलो कोथिंबीर दारात येईल. म्हणून 'नाशफा' म्हणजे वाळलेली, आणि 'हब' म्हणजे दाणे, हे दोन शब्द जोडायचे. शेंगदाण्यांना 'फूल सुदानी' म्हणतात. त्यातला 'सुदानी' गाळलास तर 'फूल' म्हणजे तिथले वालासारखे मोठे दाणे मिळतील. आणि पुढे 'नय', म्हणजे कच्चे, असं लिहिलं नाहीस तर भाजून मीठ लावलेले देतील. त्याचं कूट सासूबाईंच्या भाजीला चालणार नाही.

तुरीच्या डाळीचा मोह तर टाळच. 'अदस' म्हणजे मसूर. 'पिवळा अदस' लिहिलं की आपल्याला वाटतं तूर मिळेल, पण इजिप्तकडचा दुकानदार असेल तर तो सोललेली मसूरच देतो. शब्दकोशात तुरीला 'हिंदी वाटाणा' अशा अर्थाचं नाव सापडतं, पण दुकानात ते कुणी बोलत नाही, आणि हाती हिरवा वाटाणा पडायचा. आखातातल्या दुकानांत आपल्या लोकांमुळे 'तूर दाल' हे नावच चालतं, ते जसंच्या तसं अरबी अक्षरांत लिही. फोटोवरून आपोआप भाषांतर करणारं अ‍ॅप नेमकं इथंच फसतं. त्याला दिसतो फक्त शब्द, धने ओले की सुके हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

यादीतला इंग्रजी भाग सोपा वाटतो, पण तो जास्त फसवा आहे. सासूबाईंनी 'सर्फ' लिहिलंय, म्हणजे त्यांना कपड्यांची पावडर हवीय, तोच छाप नव्हे. तिथं वापराचं नाव लिही. 'ब्रश २' म्हणजे दातांचे असावेत, पण कपडे घासायचाही ब्रश असतो, विचारून घे. आणि 'सोडा'पाशी थांबच. खायचा सोडा वेगळा, कपड्यांचा वेगळा, आणि अरबीत 'सूदा काविया' म्हणजे कॉस्टिक सोडा, हात भाजणारा. इथं अंदाज चालत नाही. खायचा असेल तर 'बिकार्बोनात' लिहून पुढे 'स्वयंपाकासाठी' असं जोड.

सगळं विचारून झालं की निरोप साधारण असा होईल. दोन रेघांचा अर्थ 'जिरे अदपाव' असा निघाला, सोडा खायचा निघाला आणि ब्रश दातांचेच निघाले, असं धरून लिहिते:

```
كزبرة ناشفة حب 1 كيلو
كمون حب 125 جرام
فول سوداني ني 1 كيلو
تور دال 2 كيلو
بيكربونات الصوديوم للطبخ 1
مسحوق غسيل ملابس 1 كيلو
فرشاة أسنان 2
```

अरबी उजवीकडून डावीकडे जाते. एका ओळीत दोन वस्तू घातल्यास तर मधला आकडा कुठल्या वस्तूचा ते कळेनासं होतं, म्हणून ओळ तोडायचीच. पाठवण्याआधी प्रत्येक अरबी शब्द इंटरनेटवर चित्रांमध्ये शोध. जे चित्र दिसेल तेच दुकानदाराच्या डोळ्यांपुढे येणार. आणि त्याला सांग, पिशवीत भरण्याआधी वस्तूंचा फोटो पाठवा. एखाद्या शब्दावर तो अडला तर रागावू नकोस. रियाधमध्ये येमेनचे, इजिप्तचे, सीरियाचे दुकानदार असतात, घरगुती वस्तूंची नावं ज्याच्या त्याच्या गावची.

एक ओळ मी मुद्दाम गाळलीय, ती म्हणजे 'खसखस पाव'. तिचा अरबी शब्द शोधायलाही जाऊ नकोस. सौदीत खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. अमिरातीतही तेच. दुकानात मागायची नाही, आणि सामानातून आणायची तर मुळीच नाही. विमानतळावर सापडली तर चौकशी, अटक इथपर्यंत जातं. आपल्याकडे ती मसाल्यात, अनारशांवर सहज पडते, त्यामुळे सासूबाईंच्या मनात शंकाही येणार नाही. घरून कुटून आणलेल्या मसाल्यातही ती असू शकते, हे विसरू नकोस. तिच्याऐवजी वाटणाला काजू किंवा तीळ घाल, दाटपणा येतो.

तेव्हा आजच वसमतला फोन लाव. दोन रेघांचा अर्थ, ब्रश आणि सोडा कोणता ते विचार, आणि बॅग भरण्याआधी खसखस व खसखशीचा मसाला बाजूला काढायला सांग. 'नको' एवढंच म्हणालीस तर त्या मायेनं चिमूटभर तरी बांधतील, म्हणून कारणही नीट सांग. यादी दुकानदाराला त्यानंतर पाठव.