गुण की शेरा?

वही हातात पडताच मुलं विचारतात, "किती मिळाले?" शेरा कोण वाचतो! शिकताना चूक दाखवतं ते आकारिक मूल्यमापन, शेवटी गुण देतं ते संकलित. रूथ बटलर यांचा इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवरचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. काहींना फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांची गोडी टिकली, कामही सुधारलं. गुणांसोबत दिलेला शेरा मात्र वायाच गेला. गुण पाहून कच्च्या मुलांची गोडी आटली. हुशारांची टिकली, हेही खरं.

म्हणून या सत्रात शुद्धलेखनाच्या वहीत आम्ही ६/१० लिहिणार नाही. 'पानी' दिसलं तर लिहू: "जीभ टाळूकडे वळवून 'पाणी' म्हण, मग पुन्हा लिही." पालकांनो, गुण सत्राअखेरीस कळतील.