मेटफॉर्मिनकडून पाळीची तारीख मागू नका

पीसीओएससाठी मेटफॉर्मिन लिहून दिली की कडेगावात घरोघरी पहिला प्रश्न येतो, ‘शुगर नाही, मग शुगरची गोळी कशाला?’ प्रश्न रास्त आहे. पीसीओएस असलेल्या अनेक जणींच्या शरीराला इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून ते जास्त तयार होते. वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावते. मग बीज वेळेवर बाहेर पडत नाही आणि पाळी लांबते. मेटफॉर्मिनचे काम इन्सुलिनपाशी आहे, पाळीवर होतो तो त्याचा पुढचा परिणाम. म्हणूनच तिच्याकडून काय मागायचे, हे आधी ठरवावे असे माझे म्हणणे आहे.

अनेक जणी ती पहिल्या पंधरवड्यातच सोडतात, कारण मळमळ आणि जुलाब. हा त्रास बराचसा डोस घाईने वाढवल्याचा असतो. सुरुवात रात्रीच्या जेवणासोबत 500 मिलिग्रॅमने करावी. पोट शांत राहिले तर डॉक्टरांच्या सांगण्याने एक-दोन आठवड्यांनी 500 वाढवावे. बहुतेकींना 1500 ते 2000 पुरतात. गोळी अर्धी भाकरी पोटात गेल्यावर घ्यावी, उपवासाला रिकाम्या पोटी नको. तरीही जुलाब झाले तर औषध टाकून देण्याऐवजी आधीच्या डोसवर यावे किंवा डॉक्टरांकडून एसआर गोळी मागावी. ती हळूहळू विरघळते, म्हणून चावू वा कुटू नये. तिचे रिकामे कवच कधी शौचात दिसते, पण औषध तोवर अंगी लागलेले असते. ‘किडनी जाते’ ही भीती मात्र उलटी आहे. गोळी किडनी बिघडवत नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर औषध अंगात साठते, म्हणून क्रिएटिनिन आधी तपासतात. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले तर गोळी थांबवून डॉक्टरांना विचारावे. औषध वर्षानुवर्षे चालले तर बी-12 तपासून घ्यावे.

आता पाळी. फरक पडायला तीन ते सहा महिने लागतात, आणि काहींना तो पडतच नाही. पाळी नियमित करणे हाच हेतू असेल तर 2023च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात पहिली पसंती हार्मोनच्या संयुक्त गोळ्यांना आहे. समजा, शेवटची पाळी 5 जूनला आली आणि 20 जूनला मेटफॉर्मिन सुरू झाली. 3 सप्टेंबरला 90 दिवस भरतात. गोळी चालू आहे म्हणून पुढे वाट पाहत बसू नये. आधी गर्भचाचणी करावी, कारण पाळी न येताही बीज सुटू शकते आणि मेटफॉर्मिन गर्भनिरोधक नाही. चाचणी नकारात्मक आली तर गर्भाशयाचे अस्तर साठू नये म्हणून डॉक्टर प्रोजेस्टेरॉन देऊन पाळी आणतात.

‘मग मूल व्हायला तरी उपयोग?’ थोडा. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 626 स्त्रियांच्या अभ्यासात नुसत्या मेटफॉर्मिनवर शंभरातल्या सुमारे सात जणींना मूल झाले, क्लोमिफेनवर बावीस जणींना. आज पहिली पसंती लेट्रोझोलला असते.

तेव्हा गोळी पोटाच्या भीतीने सोडू नका आणि पाळीच्या आशेने नुसती गिळतही राहू नका. कॅलेंडरवर पाळीची तारीख लिहा आणि ते कॅलेंडर डॉक्टरांना दाखवा.